फुगलेला मोबाईल सेल आणि मेलेली इन्व्हर्टर बॅटरी: घरातून दुकानापर्यंत

प्रश्न: आमचं गाव अंबाजोगाई तालुक्यात. इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी मेली, शेताच्या कुंपणाच्या झटका मशीनची एक छोटी बॅटरी पडून आहे आणि जुन्या मोबाईलचे चार सेल एका डब्यात आहेत, त्यातला एक फुगलाय. भंगारवाला म्हणतो, आधी आतलं पाणी ओतून द्या, मग वजन करतो. दुकानदार म्हणतो, जुनी आणा, नवीनमध्ये कमी करतो. कोणाला द्यावी, कशी न्यावी आणि मोबाईलच्या सेलांचं काय करावं?

उत्तर:

आधी तो फुगलेला सेल बाकीच्यांपासून वेगळा करा. इन्व्हर्टरची बॅटरी आठ दिवस तिथेच उभी राहिली तरी बिघडत नाही, पण फुगलेला सेल इतर सेलांबरोबर, त्यातही चिल्लर, खिळे, किल्ल्या असलेल्या डब्यात, एक दिवसही ठेवू नये. सेलच्या सोनेरी पट्ट्या एखाद्या नाण्याने जोडल्या गेल्या की आत उरलेला सगळा करंट एकदम वाहतो आणि सेल तापतो. चांगला सेल तेवढं सोसून जातो, फुगलेला सोसेलच असं नाही.

सेल फुगतो म्हणजे आतलं द्रव विघटित होऊन त्याचा वायू झालेला असतो. सतत चार्जिंगला लावून ठेवणं, उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर मोबाईल राहणं, किंवा नुसतं वय झालं तरी हे होतं. त्या वायूत कार्बन मोनॉक्साईड, हायड्रोजन आणि इतर पेटणारे वायू असतात. सेलच्या आत तांब्याची आणि ॲल्युमिनियमची पातळ पत्री गुंडाळलेली असते आणि त्यांच्या मध्ये प्लास्टिकचा एक पापुद्रा असतो, जाडी मिलिमीटरच्या एक-दोन शतांश. वायूने हे थर ताणले गेलेले असतात. म्हणून काही ठिकाणी करतात तसं सुईने टोचून गॅस काढायचा प्रकार कधीच करू नका. सुई त्या पापुद्र्यातून आरपार जाते, दोन्ही पत्र्या एकमेकींना भिडतात आणि ठिणगी नेमकी पेटणाऱ्या वायूत पडते. दाबून सपाट करायला गेलं तरी हेच होऊ शकतं.

फुगवटा ओळखायला उपकरण लागत नाही. सुटा सेल काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवून कोपऱ्याला हलकी टिचकी मारा. सपाट सेल जागेवर घसरतो, फुगलेला भोवऱ्यासारखा गरकन फिरतो. सेल मोबाईलच्या आत असेल तर मागचं झाकण एका बाजूने उचललेलं दिसतं, किंवा स्क्रीन आणि फ्रेमच्या फटीत नख जातं. अशा मोबाईलला पुन्हा चार्जर लावायचा नाही, 'फक्त फोटो काढून घेतो' म्हणूनसुद्धा नाही. हल्लीच्या मोबाईलमध्ये सेल गोंदाने चिकटवलेला असतो, तो चाकूने किंवा पेचकसाने उचकटताना वाकतो आणि पेटतो. चिकटलेला फुगलेला सेल काढू नका, अख्खा मोबाईलच जमा करा.

तुमचे चार सेल सुटे आहेत, म्हणून काम सोपं आहे. कोरड्या हाताने, कडेला धरून, एकेक उचला, पक्कड वापरू नका. सोनेरी पट्ट्यांवर वायरिंगची चिकटपट्टी दोन थर लावा. प्रत्येक सेल वेगळ्या कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला. मग एक पत्र्याचा डबा घ्या, तळाशी चार बोटं कोरडी वाळू टाका, त्यावर सेल एकमेकांना न लागता ठेवा आणि वरून पुन्हा चार बोटं वाळू घाला. वाळू आधी उन्हात वाळवलेली हवी, ओली वाळू धातू गंजवते. झाकण नुसतं ठेवा, ठोकून घट्ट बसवू नका, कारण आत काही झालं तर वायूला वाट हवी. फुगलेल्या सेलासाठी शक्य असेल तर वेगळाच लहान डबा करा.

डबा कुठे ठेवायचा, याला आपल्याकडे फार महत्त्व आहे. दिवाळीनंतर भाव वाढायची वाट पाहत कापूस घरात, ढाळजेत, कधी झोपायच्या खोलीत भरलेला असतो. अंगणात कडबा, तुराट्या, पऱ्हाटी असते. यातल्या कशाच्याही जवळ हा डबा नको. पत्र्याच्या छताखालचा माळाही नको, एप्रिल-मेमध्ये तिथलं तापमान बाहेरच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्याही वर जातं आणि फुगलेल्या सेलाला उष्णताच नडते. सावलीतली फरशी, बाहेरचा ओटा, भोवती हातभर मोकळी जागा आणि लेकरांचा हात पोचणार नाही अशी सोय, एवढं जमवा.

सेल खरंच पेटला तर काय, हेही आताच ठरवून ठेवा. आधी फुस्स आवाज आणि गोडसर, थिनरसारखा वास येतो, मग पांढरा धूर आणि मग ज्वाळा. धूर घशाला आणि फुप्फुसाला अपायकारक आहे, कारण त्यात हायड्रोजन फ्लोराईड असतं. माणसं बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा. मोबाईलच्या सेलावर पाणी टाकू नये असा समज आहे, तो चुकीचा आहे. या सेलात सुट्या लिथियम धातूची पत्री नसते, आणि आग थांबवायला थंडावाच लागतो. लांबून भरपूर पाणी ओता, तांब्याभर नाही, बादल्याच. वाळूने ज्वाळा झाकली जाते, पण सेल आतून तापलेलाच राहतो आणि पुन्हा पेटू शकतो. विझल्यावर तो लांब चिमट्याने उचलून उघड्यावर पाण्याच्या बादलीत दिवसभर राहू द्या. मात्र चांगला किंवा नुसता फुगलेला सेल 'करंट उतरवायला' मिठाच्या पाण्यात बुडवू नका. मिठाच्या पाण्यात आधी बाहेरच्या पट्ट्या गंजून तुटतात, मग आतला करंट आतच अडकून पडतो आणि सेल मेला की जिवंत, हे मीटरवरही कळत नाही.

बाकीचे तीन सेल फुगलेले नाहीत, पण ते 'मेलेले' आहेत म्हणून रिकामे आहेत असं धरू नका. मल्टीमीटर असेल तर बघा. भरलेला सेल ४.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो, ३ व्होल्टच्या खाली तो वापरासाठी संपलेला. बरेच दिवस पडून तो २.५ व्होल्टच्या खाली गेला असेल, तर त्याला मोबाईल दुकानातल्या बूस्टरवर लावून 'जागा' करून घेऊ नका. सेल फार खाली गेला की आतल्या तांब्याच्या पत्रीतलं तांबं द्रवात विरघळायला लागतं. पुन्हा चार्ज केला की तेच तांबं भलत्याच ठिकाणी जमून मधल्या पापुद्र्याला भोकं पाडतं. असा सेल दोन दिवस ठीक चालतो आणि एखाद्या रात्री उशाशी असताना तापतो. जुने सेल टॉर्चमध्ये, लेकरांच्या खेळण्यात किंवा स्वस्त पॉवर बँकमध्ये घालणाऱ्याला हे सेल देऊ नका, फुकट मागितले तरी.

आता ते द्यायचे कुठे? मोबाईलच्या सेलाला सुट्या विक्रीत किंमत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे बॅटरी बाजारात आणणाऱ्या कंपनीवरच ती परत गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी आहे, आणि सेल नेहमीच्या कचऱ्यात न मिसळता अशा ठिकाणी देणं ही वापरणाऱ्याची. मोबाईलच्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर हा सगळ्यात सरळ मार्ग. ते तालुक्याला नसेल तर लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला काम निघेल तेव्हा न्यायचे. निघण्याआधी फोन करून 'फुगलेला सेल घेता का' हे स्पष्ट विचारा, नाहीतर काउंटरवरून परत पाठवतात. नेताना वाळूच्या डब्यातच न्या, शर्टाच्या खिशात नाही. कुरिअरने तर अजिबात पाठवू नका, गाठोड्यांच्या ढिगाखाली दाबला गेला की तिथेच पेटतो. घंटागाडीत टाकण्याचाही धोका हाच आहे, फक्त तिथे पुढे कचरा दाबणारं यंत्र असू शकतं आणि शेजारी कागद-प्लास्टिक असतं.

मोठ्या बॅटरीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिला भाव आहे. भाव आहे म्हणूनच तिचं नुकसानही जास्त होतं. भंगारवाला जे पाणी ओतायला सांगतोय ते गंधकाचं आम्ल आहे. १५० एएचच्या उंच ट्यूब्युलर बॅटरीचं वजन भरलेलं असताना साधारण ५५ ते ६० किलो असतं, आणि त्यातले वीस-बावीस किलो हे आम्लच असतं, म्हणजे अठरा लिटरच्या आसपास. बॅटरी पूर्ण चार्ज असताना त्या आम्लाची घनता सुमारे १.२४ असते आणि एका लिटरमध्ये जवळजवळ ४०० ग्रॅम शुद्ध गंधकाम्ल असतं. सगळं मिळून सात किलो. मेलेल्या बॅटरीत यातलं काही पट्ट्यांवर सल्फेट बनून बसलेलं असतं, तरी उरलेलं काही कमी नसतं. शिवाय तळाशी शिशाचा काळपट गाळ असतो, तो ओतताना आम्लाबरोबर बाहेर येतो.

काही जण सांगतात की खाण्याचा सोडा टाकून ओतलं की झालं. हिशेब करून बघा. ४०० ग्रॅम आम्लाला साधारण ७०० ग्रॅम सोडा लागतो. अठरा लिटरला बारा किलो. एवढा सोडा कोणी आणत नाही, मूठभर टाकतात, फेस येतो, आणि काम झालं असं वाटतं. आणि बारा किलो टाकला तरी आम्ल मरेल, शिसं कुठे जाणार? शिसं मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही, उडत नाही. काळ्या मातीत ते वरच्या थरातच धरून राहतं, पिढ्यान्पिढ्या. त्याच अंगणात रांगणारं लेकरू हात तोंडात घालतं. मोठ्या माणसापेक्षा लहान लेकराच्या आतड्यातून शिसं कितीतरी जास्त प्रमाणात रक्तात जातं आणि मेंदूच्या वाढीवर त्याचा झालेला परिणाम उलटवता येत नाही. सेनेगलमध्ये डाकार शहराजवळच्या एका वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं गोळा करण्याचा उद्योग चाले. तिथे २००७ च्या शेवटी आणि २००८ च्या सुरुवातीला काही महिन्यांत १८ लेकरं दगावली. त्या घरांतल्या लोकांनी मातीतलं शिसंच गाळून विकायला सुरुवात केली होती. आम्ल ओतणं ही त्याच रस्त्याची पहिली पायरी आहे, म्हणून इथे अडून बसा.

आम्ल न ओतण्यात तुमचा पैशाचाही फायदा आहे. भाव रोज बदलतो, म्हणून आकडे फक्त हिशेबापुरते धरा. समजा बॅटरी भरलेली ५८ किलो भरते आणि भंगारवाला आम्लासकट किलोला ८० रुपये देतो, तर ४,६४० रुपये झाले. तीच बॅटरी ओतून दिली तर ३५ किलो उरते, आणि तो 'कोरडीला जास्त देतो' म्हणून १०५ रुपये लावतो. हातात येतात ३,६७५. भाव वाढला आणि पैसे घटले. ५८ भागिले ३५ म्हणजे साधारण १.६६. कोरड्याचा भाव ओल्याच्या दीडपटीहून बराच जास्त, जवळपास पावणेदोनपट असल्याशिवाय ओतून देण्यात मालकाचा तोटाच आहे. भंगारवाल्याला मात्र ओतलेली परवडते, कारण त्याच्या गाडीत आम्ल सांडत नाही आणि त्या आम्लाचं काय करायचं हा त्याचा प्रश्न तुमच्या अंगणात सुटतो.

आता दुकानदाराचं गणित मांडू. समजा नवीन बॅटरी जुनी न देता १५,५०० ला आहे आणि जुनी दिली तर ११,७००. म्हणजे तो जुनीचे ३,८०० धरतोय. भंगारात ४,६४० मिळत असतील तर वरवर ८४० रुपयांचा तोटा दिसतो. इथे दुकानदाराशी बोलायची जागा आहे. बहुतेक दुकानदार जुनीचा भाव एएचवर ठरवतात, सरसकट. १५० एएचच्या बॅटऱ्यांत वजनाचा फरक असतो, उंच ट्यूब्युलर बॅटरी बुटक्या बॅटरीपेक्षा चांगलीच जड असते. म्हणून आधी वजन करून घ्या. आडत दुकानाचा काटा, किराणा दुकानाचा मोठा काटा, काहीही चालेल. मग दुकानदाराला सांगा, '५८ किलो भरली आहे, आम्ल भरलेलं आहे, झाकणं शाबूत आहेत, वजनावर धरा.' दोन दुकानांत दोन्ही भाव, जुनीसह आणि जुनीशिवाय, विचारले की ३,८०० चे थोडे वर सरकतात. नियमाने जुन्या बॅटरीचा भाव ठरवून दिलेला नाही, तो वाटाघाटीचा आहे. कर मात्र सहसा एक्सचेंज न धरता असलेल्या पूर्ण किमतीवर लागतो, म्हणून बिलात कर ११,७०० वर नसला तर दुकानदाराशी भांडू नका. उरलेला शे-दोनशेचा फरक सोडून द्यावा आणि बॅटरी दुकानातच द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानातून ती कंपनीच्या किंवा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याच्या साखळीत जाण्याची शक्यता जास्त. तिथे बंद यंत्रात बॅटरी फोडतात, आम्ल वेगळं काढतात, शिसं आणि प्लास्टिक दोन्ही पुन्हा वापरात येतं.

वजन वाढवायला म्हणून नेण्याआधी पाणी भरणारे लोक आहेत. तसं करू नका. वरपर्यंत भरलेली बॅटरी रस्त्याच्या खड्ड्यांत झाकणांतून आम्ल उडवते, आणि मुरलेला व्यापारी झाकण उघडून पातळी बघतोच.

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट तपासा: वॉरंटी. ट्यूब्युलर बॅटरीला तीन ते पाच वर्षांचीही वॉरंटी असते, पहिला काही काळ मोफत बदली आणि पुढचा काळ नव्या किमतीत सूट. कार्ड सापडलं नाही तरी बॅटरीवरचा क्रमांक आणि बिलाची तारीख यावरून कळतं. वॉरंटीत असलेली बॅटरी जुनी म्हणून दिली तर सरळ हजारोंचं नुकसान. तसंच ती खरंच मेली आहे का, हेही बघा. बारा तास चार्ज होऊन, नंतर काही तास मोकळी राहिल्यावर मीटर १०.५ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर सहापैकी एक खाना गेला आहे. आम्लाची घनता मोजायच्या हायड्रोमीटरने पाच खाने १.२० च्या वर आणि एकच १.१० च्या खाली दाखवत असेल तरी तेच. असा खाना घरी दुरुस्त होत नाही. 'खाना बदलून देतो' म्हणणारा बॅटरी कापून गाळ कुठे टाकतो, ते एकदा विचारून बघा. सगळेच खाने सारखे खाली असतील तर मात्र बॅटरी नुसती उतरलेली असू शकते, किंवा इन्व्हर्टरच चार्ज करत नसेल.

सोडवण्याचं काम सावकाश करायचं. इन्व्हर्टर त्याच्या बटणाने बंद करा आणि त्याचा प्लगही काढा, नुसती घरातली लाईट गेली म्हणजे तो बंद झाला असं नाही. बॅटरी हाताला गरम लागत असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर खराब खाना चार्जिंगमध्ये उकळत होता. मग खोली उघडी ठेवून ती पूर्ण थंड होऊ द्या, दुसऱ्या दिवशी काढा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवेत त्याचं प्रमाण शंभरात चार झालं तरी तो पेटतो, म्हणून जवळ विडी-काडी, उदबत्ती नको. पान्याच्या दांडीला चिकटपट्टी गुंडाळा. हातातली अंगठी, कडं काढा, मेलेल्या बॅटरीचाही करंट अंगठी लाल करण्याइतका असतो. आधी काळी, म्हणजे वजा बाजूची वायर सोडवा, मग लाल. दोन्ही टर्मिनलवर जाड रबर किंवा चिकटपट्टी लावा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमलेली असेल तर ती फुंकू नका, कोरड्या ब्रशने घासूही नका, त्यात शिसं असतं. तांब्याभर पाण्यात दोन चमचे सोडा घालून ते फडक्याने लावा, फेस थांबला की पुसून घ्या. पाणी खान्यांच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. फडकं नंतर वापरायचं नाही.

उचलायला दोन माणसं आणि बॅटरीचेच दोर. साठ किलो एकट्याने उचलताना बॅटरी पोटावर टेकते आणि तिरकी होते, आणि बहुतेक वेळा तेव्हाच सांडते. खाली प्लास्टिकचा मोठा टब घ्या, लोखंडी घमेलं नको, आम्ल ते खातं. गाडीत टबासकट उभी ठेवा, चारही बाजूंनी पोती कोंबा म्हणजे ती हलणार नाही. मोटारसायकलच्या मागे आडवी बांधून नेऊ नका. जमत असेल तर नवीन बॅटरी घरपोच मागवा, बसवायला येणारा माणूस जुनी त्याच टेम्पोतून नेतो. तोच सगळ्यात सुरक्षित मार्ग.

सांडलंच, तर अंदाज असा. पेलाभर, म्हणजे २०० मिली सांडलं तर दीडशे ते दोनशे ग्रॅम सोडा. कडेकडून टाकत मध्ये या, फेस पूर्ण थांबेपर्यंत. आपल्या घरांतली शहाबादी फरशी चुनखडीची असते, आम्ल पडलं की ती स्वतःच फसफसते आणि पांढरट खड्डा पडतो. तो फेस बघून सोड्याचं काम झालं असं समजू नका, सोडा टाकूनच थांबवा. नंतरचा लगदा प्लास्टिकच्या पिशवीत भरून बॅटरीबरोबर दुकानात द्या, मोरीत सोडू नका. मातीवर सांडलं असेल तर वरची तेवढी माती खरवडून त्याच पिशवीत भरा. कातडीवर पडलं तर लगेच पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर फक्त स्वच्छ पाणी, पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ, सोडा डोळ्यात अजिबात नाही, आणि धुणं झालं की सरळ दवाखाना. सुती कपड्यावर उडालेला थेंब लगेच दिसत नाही, धुतल्यावर तिथे भोक पडतं. त्या दिवशीचे कपडे लेकरांच्या कपड्यांत न टाकता वेगळे धुवा.

झटका मशीनची छोटी बॅटरी राहिली. ती सहसा १२ व्होल्ट, ७ किंवा ८ एएचची असते, वजन दोन-अडीच किलो, फवारणीच्या पंपातही अशीच बसते. तिच्यात आम्ल काचेच्या धाग्यांच्या गादीत मुरलेलं असतं, म्हणून ती सांडत नाही, पण फोडली तर शिसं आणि आम्ल तेच. बाजू फुगलेल्या असतील तर उन्हात जास्त चार्जिंगने प्लास्टिक नरम झालेलं आहे, तिला चार्जर लावू नका. एकट्या छोटीला दुकानदार भाव देत नाही, मोठीबरोबर नेली की त्याच काट्यावर धरून घेतो.

मात्र ती देण्याआधी लेबल नीट वाचा. हल्ली फवारणीच्या पंपांत आणि काही इन्व्हर्टरमध्येही लिथियमच्या बॅटऱ्या येतात. आकार तोच, रंग तोच. शिशाच्या बॅटरीवर Pb असं चिन्ह असतं, लिथियमच्या बॅटरीवर Li ने सुरू होणारं नाव असतं. हातात धरली तरी कळतं, त्याच आकाराची लिथियमची बॅटरी खूपच हलकी लागते. अशी बॅटरी चुकून शिशाच्या ढिगात गेली तर कारखान्यात फोडताना किंवा भट्टीत गेल्यावर तिचा स्फोट होतो, आणि तिथे उभ्या माणसाला ती कुठून आली हे कळतही नाही. तिच्यावर ठळक अक्षरांत 'लिथियम' लिहा, टोकांना चिकटपट्टी लावा आणि जिथून पंप घेतला त्या दुकानात वेगळी द्या.

बॅटरी देताना बिलावर जुन्या बॅटरीचं एएच, वजन आणि धरलेली रक्कम लिहून घ्या, आणि नव्या बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर तारीख, क्रमांक आणि दुकानाचा शिक्का तिथेच मारून घ्या. कार्डावरचा क्रमांक बॅटरीवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते टेम्पो परत जाण्याआधी वाचून बघा.